लष्करी अधिकाऱ्याची मुलाखत : पाच दिवस आणि एक फॉर्म

गेल्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मुलीला एसएसबीचं पत्र आलंय. पाच दिवस राहायला बोलावलंय. ही कसली मुलाखत, पाच दिवसांची?" हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येणार आहे. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली. 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी पुण्याजवळ खडकवासल्याला दाखल झाली आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी तिथलं शिक्षण संपवून बाहेर पडल्या. पदवी आणि एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असलेल्या मुलींना तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावतात. तेव्हा आज आपण या मुलाखतीबद्दल बोलू. सगळं सांगत बसत नाही. घरात बसून आपल्याला ज्याची तयारी करून घेता येते, तेवढंच नीट सांगते.

एसएसबी म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड. भोपाळ, प्रयागराज, बंगळुरू अशा ठिकाणी त्याची केंद्रं आहेत. मुलीला तिथंच राहावं लागतं. राहण्या-जेवणाचा खर्च ते करतात. मोबाईल जमा करून घेतात. छातीवर आणि पाठीवर नंबराचं कापड बांधतात आणि तिला नंबरानेच हाक मारतात.

पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धीच्या चाचणीचे छोटे प्रश्न असतात. मग एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात बसून प्रत्येकीने आपली गोष्ट मिनिटभरात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथूनच बऱ्याच जणी त्याच दिवशी परत येतात. म्हणून आधीच सांगते, मुलगी पहिल्या दिवशी परत आली तर "एवढ्या लांब जाऊन काय केलंस" असं घरात म्हणू नका. वय बसत असेल तोवर पुन्हा अर्ज करता येतो. निवड झालेल्या कित्येक जणी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडलेल्या असतात.

चाळणीतून राहिलेल्यांना पुढे तीन वेगवेगळे अधिकारी तपासतात. एक मानसशास्त्रज्ञ असतो, तो मुलीला समोर बसवून विचारत नाही, तिने लिहिलेलं वाचतो. दुसरा मैदानावरचा अधिकारी, त्याला जीटीओ म्हणतात. तो तिचं वागणं बघतो. तिसरा मुलाखत घेतो, म्हणजे तिचं बोलणं ऐकतो. आपल्याकडे 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतात ना, एसएसबीची पद्धत सांगताना नेमके हेच तीन शब्द वापरतात. मनात काय आहे ते लिहिण्यातून, वाणीत काय आहे ते मुलाखतीतून आणि कृतीत काय आहे ते मैदानावर. तिघं आपापले गुण वेगवेगळे देतात. शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सपर्यंत एकमेकांना काही सांगत नाहीत. त्या दिवशी तिघांची मतं पहिल्यांदा समोरासमोर ठेवली जातात.

सोंग घेतलेल्या मुलीचं तिथं का जमत नाही, ते यात दिसतं. मुलाखतीत ती म्हणाली, "मला सगळ्यांना बरोबर घेऊन जायला आवडतं", आणि मैदानावर मात दुसरीच्या हातातला दोर हिसकावला. लिहिलेल्या गोष्टीत तिची नायिका प्रत्येक संकटात कुणीतरी येऊन वाचवेल म्हणून थांबलेली. तिन्ही कागद शेजारी ठेवले की जुळत नाहीत. आणि लिहिताना सोंग घ्यायला वेळच नसतो. एका चाचणीत 60 शब्द एकामागून एक दाखवतात, प्रत्येकाला 15 सेकंद, तेवढ्यात मनात येईल ते वाक्य लिहायचं. 'भीती' हा शब्द आला आणि क्लासमध्ये पाठ केलेलं "शूर माणूस भीतीवर मात करतो" लिहिलं, तर ते सुविचाराच्या फळ्यासारखं दिसतं. असे 60 सुविचार वाचून त्या माणसाला मुलीबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी "विहिरीत उतरताना भीती वाटली, पण दोर दोनदा तपासला" असं वाक्य जिने आयुष्यात तसं काही केलंय तिलाच सुचतं.

आता फॉर्मकडे येऊ, कारण घरच्यांची खरी मदत तिथं आहे. त्याला पीआयक्यू म्हणतात, वैयक्तिक माहितीचा फॉर्म. तो तिथं गेल्यावर भरून घेतात. गाव कोणतं, त्याची लोकसंख्या किती, जिल्ह्याचं ठिकाण आहे का. आई-वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, महिन्याचं उत्पन्न. भावंडं काय करतात. दहावीपासूनचे गुण, शाळा, वर्ष. खेळ, छंद, कुठली जबाबदारी सांभाळली, आधी कधी एसएसबीला गेली होती का. मुलाखत घेणारा अधिकारी हा फॉर्म समोर ठेवूनच बोलतो. त्याचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या कागदातून निघतात.

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी एनसीसीतून या मुलाखतीला जाणार होती. तिला आम्ही कोऱ्या कागदावर तसाच फॉर्म भरायला लावला. तिने लिहिलं : वडील, शेती. आई, गृहिणी. छंद, वाचन आणि प्रवास. सांभाळलेली जबाबदारी, या ओळीवर रेघ मारलेली.

तिची आई शेजारीच बसलेली होती. ती अकरा बायकांच्या गटाची सचिव. घरी दोन म्हशी, डेअरीचं पासबुक तिच्याच नावावर. आणि गटाची वही गेली चार वर्षं ही मुलगी लिहीत होती. आईला लिहिता-वाचता येतं, पण व्याजाचा हिशोब मुलगी करायची. एवढं असून कागदावर 'गृहिणी' आणि एक रेघ. खोटं काही नव्हतं, पण खरं जे होतं ते सगळं गाळलं होतं. मुलींना वाटतं की घरची कामं म्हणजे काही 'जबाबदारी' नव्हे, जबाबदारी म्हणजे शाळेतली मॉनिटरशिप. आणि छंदात 'वाचन' लिहिलं की बरं दिसतं. मग अधिकारी विचारतो, गेल्या तीन महिन्यांत कोणती पुस्तकं वाचलीस, लेखक कोण, त्यातलं काय पटलं नाही. तिथं ती गप्प होते.

फॉर्म पुन्हा भरला. आईच्या रकान्यात दुग्धव्यवसाय आणि बचत गटाची सचिव. जबाबदारीत गटाची हिशोबवही, चार वर्षं. 'प्रवास' काढून टाकला, कारण ती एनसीसीच्या शिबिरांशिवाय कुठं गेलीच नव्हती. त्या जागी म्हशींची देखभाल लिहिली. ती लाजत होती, "म्हशी लिहू?" म्हटलं, लिही, पण मग दुधाचं फॅट किती लागतं, पान्हा चोरला तर काय करतेस, हे सांगता आलं पाहिजे. ते तिला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं.

मग गावातल्या एका निवृत्त सुभेदारांना अधिकारी म्हणून बसवलं. मुलाखत इंग्रजीतून होते, म्हणून तिने इंग्रजीतच बोलायचं असं ठरवलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, वाक्य पुरं झालं पाहिजे. इथं मी तुम्हाला मराठीत सांगते.

या मुलाखतीची एक खोड आहे. अधिकारी एकदम लांबलचक प्रश्नांची माळ सोडतो. "नववीपासून पदवीपर्यंत तुझे गुण सांग, कोणते शिक्षक आवडले, का, कोणते आवडले नाहीत, का, मित्रमैत्रिणी कोण, खेळात काय केलंस, सुट्टीत काय करायचीस." दहा-बारा प्रश्न एका दमात. मुलगी तेवढ्यानेच गोंधळते. यावर उपाय एवढाच की ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने सांगत जायचं आणि एखादा प्रश्न राहिला तर "सर, एक प्रश्न विसरले, पुन्हा सांगाल का" असं सरळ म्हणायचं. त्याने गुण जात नाहीत. घरी रोज रात्री जेवताना कुणीतरी अशी माळ सोडली, तर पंधरा दिवसांत सवय होते. त्याला इंग्रजी येणारा माणूस लागत नाही, प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तर तिला इंग्रजीत देऊ द्या.

सुभेदारांनी विचारलं, "दहावीला 82 टक्के, बारावीला 64. असं का?" ती म्हणाली, "आजी आजारी होती." सुभेदार काही तसे सोडणारे नव्हते. आजार कोणता? दवाखान्यात कोण नेत होतं? तू कॉलेज किती दिवस बुडवलंस? दोन प्रश्नांतच कळलं की आजी आजारी होती ती त्याच्या पुढच्या वर्षी. खरं कारण असं की बारावीला विज्ञान घेतलं, गणित समजेना, रोज एसटीने जाऊन-येऊन तीन तास जायचे आणि शिकवणी लावायला तिने उशीर केला. हेच सांगायचं. फक्त त्यापुढे आणखी एक वाक्य हवं, मग तिने काय केलं. पदवीला तिने गणित सोडून वनस्पतीशास्त्र घेतलं आणि 71 टक्के मिळवले. ठरवून बदललं, निभावून दाखवलं. अधिकाऱ्याला कमी गुणांचं वाईट वाटत नाही, त्याला बघायचं असतं की ही आपल्या चुकीकडे सरळ बघते का.

पुढचा प्रश्न वहीतून निघाला. "गटात महिन्याला किती जमतात?" अकरा जणी, प्रत्येकी 100, म्हणजे 1100 रुपये. "कर्जाला व्याज?" महिन्याला शेकडा 2. "एखादीने हप्ता थकवला तर?" ती म्हणाली, "आम्ही बैठकीत ठरवलं की तिचा हप्ता दोन भागांत घ्यायचा." सुभेदार म्हणाले, "आम्ही नको. तू काय केलंस?"

इथं आपल्या बहुतेक मुली अडतात. आपल्या भाषेत 'मी केलं' म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सगळं 'आम्ही'वर जातं. अधिकाऱ्याला मात्र हिचा वाटा किती, ते वेगळं करून हवं असतं. थोडा विचार करून ती म्हणाली, "ठरवायचा हक्क मला नव्हता, मी सभासद नाही. पण त्या काकूंनी तीन महिने फक्त व्याज भरलं होतं, ते मी वहीतून काढून बैठकीत वाचून दाखवलं. त्याआधी सगळ्यांना वाटत होतं की त्या काहीच भरत नाहीत." बघा, एवढंच. मोठेपणा घेतला नाही आणि केलेलं लपवलंही नाही. एसएसबीत अधिकाऱ्याचे म्हणून 15 गुण बघतात. त्यात पुढाकार आहे, जबाबदारीची जाणीव आहे, गटावर प्रभाव पाडण्याची ताकद आहे. ही नावं पाठ करून काही होत नाही. वहीतल्या त्या एका प्रसंगात त्यातले तीन-चार दिसले.

माहीत नसलेलं विचारलं तर "सर, माहीत नाही" म्हणून थांबायचं. अंदाज असेल तर "अंदाज सांगू का" विचारायचं. थाप मारली की पुढचा प्रश्न त्या थापेवरच येतो, आजीच्या आजारासारखा.

आता मैदान. आठ-दहा जणींचा गट करून त्यांना फळी, बांबूसारखी लाकडी बल्ली, दोर आणि एक ओझं देतात. एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत सगळ्यांनी सामानासकट जायचं, मधल्या जमिनीला पाय लागू द्यायचा नाही. खांब, ओटे रंगवलेले असतात. लाल रंगाला कशाचाच स्पर्श चालत नाही. चार फुटांपेक्षा जास्त अंतर उडी मारून ओलांडायचं नाही. दोन कडक वस्तू, म्हणजे फळीला फळी किंवा फळीला बल्ली, बांधून लांब करायची नाही. एकेक अडथळा आधीच्यापेक्षा अवघड होत जातो.

हे घरी करून बघता येतं. आम्ही शाळेच्या मैदानावर विटांचे वीतभर उंच दोन ओटे केले, मध्ये सहा फूट अंतर, आणि त्या अंतरात फक्की टाकून 'इथं पाय नाही' असं ठरवलं. फळी सहा फुटी, जाड बांबूही सहा फुटी, एक दोर आणि ओझं म्हणून वाळू भरलेलं पोतं. ओटे वीतभरच ठेवा, म्हणजे कुणी पडलं तरी लागत नाही. आठ मुली अलीकडच्या ओट्यावर.

फळी बरोबर सहा फुटी असल्यामुळे ती पलीकडे टेकत नाही. सगळ्या एकदम ओरडायला लागल्या. एक म्हणाली बांबू बांधू, दुसरीने आठवण करून दिली की ते चालत नाही. मग एकीने हळूच म्हटलं, फळी निम्मी पुढे काढा, मागची निम्मी दोघींनी उभं राहून दाबा. म्हणजे फळी तीन फूट हवेत आली. सर्वांत हलकी मुलगी टोकापर्यंत गेली, पुढे उरलेलं तीन फूट अंतर तिने एका ढांगेत ओलांडलं. चार फुटांच्या आत, म्हणून नियमात बसलं. दोराने पोतं पलीकडे ओढून घेतलं. एकामागून एक पाच जणी गेल्या.

मग अडलं. फळी दाबून धरणाऱ्याच तिघी अलीकडे राहिल्या. त्या एकेक गेल्या तर शेवटचीसाठी मागे कोण दाबणार? पलीकडे पोहोचलेल्या चौघी तोवर टाळ्या वाजवत होत्या, काम झालंच म्हणून. पाचवी मात्र मागे वळून बघत होती. ती म्हणाली, "बांबू इकडे द्या." तिने बांबू पलीकडच्या ओट्यावरून तीन फुटांहून थोडा जास्त पुढे काढला, मागे तिघींना उभं केलं आणि पुढचं टोक फळीच्या टोकाखाली सरकवलं. फळीला पुढून टेका मिळाला. आता मागे दाबायला कुणी नसलं तरी शेवटची मुलगी फळीवरून टोकापर्यंत जाऊ शकत होती.

मैदानावरचा अधिकारी लांब उभा राहून हेच बघत असतो. पहिली कल्पना कुणाची, हे तो लिहितोच. पण शेवटच्या मुलीचा विचार कुणाला सुचला, आपली कल्पना फसल्यावर ती कुणी मुकाट्याने सोडून दिली, हळू बोलणारीचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं, हेही लिहितो. आपल्या गटाच्या बैठकीत बघा, सर्वांत मोठ्या आवाजाची बाई आणि जिच्या शब्दावर बायका खरंच पैसे भरतात ती बाई, या बऱ्याचदा दोन वेगळ्या असतात. (आमच्या एका गटात तर त्या दोघी सख्ख्या जावा आहेत.) पण नुसती गप्प राहणारीही तिथं टिकत नाही. जिने बोलून किंवा हाताने काहीच केलं नाही तिच्याबद्दल लिहायलाच काही नसतं. बोलायला जमत नसेल तर दोर बांध, फळी उचल, कुणाला हात दे. सुरुवात कामातून झाली तरी चालते.

नजरेखाली साधं कसं राहायचं, असं मुली नेहमी विचारतात. मी एकच खूण सांगते. प्रत्येक वाक्यानंतर तिची नजर अधिकाऱ्याकडे जाते का ते बघा. जात असेल तर ती काम करत नाही, दाखवत आहे. सरावात आम्ही एका आज्जींना खुर्चीवर वही घेऊन बसवलं आणि मुलींना सांगितलं की त्या सगळं लिहितायत. पहिल्या दोन वेळा सगळ्यांच्या माना आज्जींकडे. तिसऱ्या वेळेला फळी इतकी अडकली की आज्जी तिथं आहेत हेच त्या विसरल्या. अडचण खरी असली की माणूस आपोआप साधा होतो. म्हणून सरावाचे अडथळे सोपे ठेवू नका.

आता थोडी व्यवहाराची माहिती. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं एसएसबीचं पत्र आलेल्या महाराष्ट्रातल्या मुला-मुलींना तयारीचा वर्ग मोफत मिळतो, राहणं-जेवणही मोफत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ते असतंच, वडील फौजेत नसले तरी जायला हरकत नाही. दहावीनंतर एनडीएची तयारी करायची असेल तर नाशिकलाच मुलींसाठी सरकारी एसपीआय संस्था सुरू झाली आहे. सैन्यदलाच्या भरतीच्या जाहिराती joinindianarmy.nic.in वर येतात.

जाताना मूळ प्रमाणपत्रं, त्यांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, मैदानासाठी पांढरा टी-शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट नवेकोरे नकोत, आधी आठवडाभर घालून शेतातून चालून या, नाहीतर तिसऱ्या दिवशी फोड येतात. आणि त्या प्रकारच्या भरतीला पहिल्यांदाच जात असेल तर रेल्वेचं भाडं परत मिळतं, तेव्हा जाण्याचं तिकीट प्रवास झाल्यावर फेकून देऊ नका.